वाकळ, घाम आणि उतरलेला ताप

बुलढाणा जिल्ह्यातील घर घाटावरच्या चिखलीचे असो की घाटाखालच्या मलकापूरचे, आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी माणसाला हुडहुडी भरली की वाकळ बाहेर निघते, तिच्यावर घोंगडी पडते, खिडक्या लागतात, सुंठीचा कढत काढा पोटात जातो, आणि पहाटे अंग घामाने निथळून ताप उतरला की वाकळीनेच माणूस बरा केला, असा निर्वाळा घरातील वडीलधारी मंडळी देतात. त्यांनी पाहिले ते खोटे नाही. मात्र त्यात कार्य आणि कारण यांची अदलाबदल झालेली आहे.

फ्ल्यूचे विषाणू नाक, घसा आणि श्वासनलिका यांच्या अस्तरातील पेशींत वाढू लागले, म्हणजे शरीराच्या रक्षक पेशी काही द्रव्ये रक्तात सोडतात, आणि त्यांच्या प्रभावाने मेंदूतील हायपोथॅलॅमस हे तापमानाचे नियंत्रणकेंद्र आपली ३७ अंशांची मर्यादा ३९ च्या आसपास नेऊन ठेवते. हा नवा हुकूम सुटताच ३७ अंशांवर असलेले शरीर स्वतःलाच थंड वाटू लागते. त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय गार पडतात आणि स्नायू थरथरून उष्णता उत्पन्न करतात. पुढे रोगाचा जोर ओसरल्यामुळे किंवा पॅरासिटामॉलच्या गोळीमुळे तोच हुकूम मागे घेतला गेला, की शरीराला अकस्मात उकडू लागते आणि घाम सुटतो. म्हणजे घाम हे ताप उतरू लागल्याचे लक्षण होय, रोग हटल्याचे कारण नव्हे.

घामावाटे रोग बाहेर पडतो, ही समजूतही टिकत नाही, कारण घाम त्वचेतील ग्रंथींतून येतो आणि फ्ल्यूचा विषाणू श्वसनमार्गाच्या पेशींत वस्ती करून असतो. अंग तापवून त्याला मारावे म्हटले, तर प्रयोगशाळेत त्याला निष्प्रभ करण्यासाठी ५६ अंशांवर सुमारे अर्धा तास ठेवावे लागते. इतकी उष्णता सोसून माणूस जिवंत राहणार नाही. शिवाय घाम शरीर थंड करतो तो निथळून नव्हे, तर वाळून. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून जाते. वाकळीखाली मात्र तो कापडात मुरतो, आणि पाणी व मीठ खर्ची पडूनही उष्णता जागीच राहते.

समजा, नांदुऱ्याच्या एका तरुणाला सोमवारी संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला आणि रात्री दोन वाकळींखाली घाम येऊन तो ९९ फॅरनहाइटवर उतरला. मंगळवारी दुपारी तो पुन्हा १०२ झाला, तर घरचे म्हणतील की घाम पुरेसा आला नाही, आणि तिसरी वाकळ काढतील. वस्तुतः साध्या फ्ल्यूचा ताप साधारणतः तीन ते पाच दिवस चढत-उतरत राहतो आणि नंतर आपसूक जातो. गुरुवारी अथवा शुक्रवारी तो गेला, तर त्या दिवशी अंगावर असलेल्या वाकळीच्या पदरी श्रेय पडते.

माझ्या मते या समजुतीचे मूळ वऱ्हाडातील जुन्या हिवतापात असावे. हिवतापाचा झटका थंडी, दाह आणि घाम या क्रमाने काही तासांत आटोपतो आणि माणूस उठून बसतो. तथापि एकांतऱ्या प्रकारात तो दिवसाआड परत येतो, कारण रक्तातील तांबड्या पेशींत दडलेले जंतू घामाने जात नाहीत. पुढे १९१८ साली फ्ल्यूची साथ, म्हणजेच ‘मानमोडी’, आली, तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशात सर्वाधिक मृत्यू झालेल्या प्रदेशांपैकी एक ठरला. घरोघरी वाकळी होत्याच, पण त्या आजाराला त्यांचा धाक नव्हता.

तरीही वाकळीला सर्वस्वी हद्दपार करण्याचे कारण नाही. हुडहुडी चालू असताना एखादे पांघरूण सुखावह असते. ती थांबली आणि अंग तापले, म्हणजे ते काढून पातळ सुती चादर ठेवावी, खिडकी उघडावी, आणि पाणी, ताक अथवा जलसंजीवनी थोडी थोडी देत राहावी. लघवी गडद व कमी झाली, तर पाणी अपुरे पडते आहे असे समजावे. तान्ह्या मुलाला तर कधीच गुंडाळून ठेवू नये. त्याला स्वतःहून पांघरूण झुगारता येत नाही. मुलांना फ्ल्यूत ॲस्पिरिनही देऊ नये. धाप लागली, छाती दुखली, माणूस असंबद्ध बोलू लागला, किंवा उतरलेला ताप खोकल्यासह पुन्हा जोराने चढला, तर दवाखाना गाठावा. पावसाळ्यात आणखी एक अडचण असते: ताप डेंग्यूचा असेल, तर साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवशी तो उतरतो, आणि कित्येकदा नेमक्या त्याच सुमारास पोटदुखी, सततची उलटी किंवा हिरड्यांतून रक्त अशी खरी धोक्याची चिन्हे दिसू लागतात, त्यामुळे घामाने भिजलेली वाकळ वाळत घालून घरचे निश्चिंत झालेले असतात, त्याच सकाळी रोग्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.