लेट फी लागली? आधी तीन तारखा पाहा

समजा, देय तारीख १२. तुम्ही १५ला रात्री पावणेबाराला यूपीआयने क्रेडिट कार्डाचं बिल भरलं, पण कार्ड खात्यात ते १७ला जमा दिसलं आणि पुढच्या बिलात लेट फी आली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकबाकी तीन दिवसांहून जास्त राहिली तरच ही फी लावता येते, आणि दिवस मोजायचे ते बिलावरच्या देय तारखेपासून. १५ धरली तर फी नाही. १७ धरली तर आहे.

म्हणून बचत खात्याच्या उताऱ्यातली पैसे वजा झाल्याची तारीख-वेळ आणि यूटीआर क्रमांक काढा. मग कार्डाच्या अटींमध्ये 'कट-ऑफ'ची वेळ शोधा. ही ओळ बहुधा बारीक अक्षरात दडलेली असते! तिथे रात्री आठ लिहिलं असेल, तर तुमची बाजू लंगडी पडते. पैसे वेळेत भरले असतील, तर यूटीआरसह लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

फी परत मिळाली तर तिच्यावरचा १८ टक्के जीएसटीही परत आला का, पाहा. व्याजाचा हिशेब मात्र वेगळा. तीन दिवसांची सवलत त्याला नाही.