दरवाढ कळवताना हिशेब मांडा

लाकडी घाण्याचं खोबरेल विकणाऱ्या छोट्या उत्पादकांना २०२५ साली मोठी दरवाढ करावी लागली. सुक्या खोबऱ्याचा भाव वर्षभरात जवळजवळ दुप्पट झाला होता आणि त्या पावसाळ्यात केरळात खोबरेल लिटरला चारशे रुपयांच्या पुढे गेलं होतं. भाव वाढवल्याशिवाय घाणा चालणार नव्हता. पण वर्षानुवर्षं तेल नेणाऱ्या माणसाला ते कळवायचं कसं? अनेकांनी बाटलीच्या फोटोखाली ‘अपरिहार्य कारणांमुळे’ एवढंच लिहून नवा दर टाकला. कारण खरं असूनही अशा कॅप्शनमधून ते पोचत नाही. ग्राहकाला पडताळून पाहता येईल असा एक तरी आकडा तिथे हवा.

तो आकडा घाण्यावरच सापडतो. एक लिटर खोबरेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. लाकडी घाण्यात खोबऱ्याच्या वजनाच्या सत्तावन्न टक्क्यांच्या आसपास तेल निघतं, असं धरलं तर एका लिटरला १.६ किलो खोबरं लागतं. आता उदाहरणादाखल समजू, की खोबरं किलोला ११० रुपयांवरून २१० वर गेलं. म्हणजे एका लिटरमागचा खोबऱ्याचा खर्च १७६ रुपयांवरून ३३६ झाला, थेट १६० रुपयांनी वाढला. तेलाचा जुना दर ३८० असेल, तर प्रामाणिक नवा दर ५४० होतो. मजुरी, वीज, बाटली आणि नफा मिळून उरणारे २०४ रुपये जिथल्या तिथे राहतात. पेंडीचे पैसे परत येतात, पण तिचा भाव जुनाच धरला आहे.

चूक होते ती टक्क्यांत. खोबरं एक्क्याण्णव टक्के महागलं म्हणून तेलही तेवढंच महाग केलं, तर दर सव्वासातशेच्या वर जातो आणि खोबऱ्याच्या नावाखाली मजुरी, वीज, बाटली आणि नफा मिळून उरणारी रक्कमही जवळजवळ दुप्पट होते. म्हणून वाढ रुपयांत सांगावी. नफाही वाढवायचा असेल तर तो वेगळ्या ओळीत, वेगळ्या कारणासह लिहावा.

कारण सांगतानाही नेमकं बोलावं. नारळाची पोय उमलल्यापासून फळ पक्व व्हायला जवळजवळ वर्ष लागतं. त्यामुळे २०२३-२४ च्या पाणीटंचाईचा आणि उन्हाचा फटका बाजारात उशिरा दिसला. त्यात दक्षिणेकडच्या बागांना पांढऱ्या माशीचा त्रास होता आणि बरेच नारळ शहाळी म्हणूनच विकले जात होते. यातली दोन वाक्यं कॅप्शनला पुरतात.

असं कॅप्शन साधारण या शब्दांत होईल:

‘नमस्कार मंडळी. येत्या १ तारखेपासून आपलं एक लिटर खोबरेल ३८० ऐवजी ५४० रुपयांना मिळेल. एका लिटरला आम्हांला १.६ किलो सुकं खोबरं लागतं. किलोमागे ते १०० रुपयांनी महागलं, म्हणून लिटरमागे १६० रुपये वाढले. आमची मजुरी आणि नफा वाढवलेला नाही. बाटली पूर्ण एक लिटरचीच आहे आणि तेलात दुसरं तेल मिसळलेलं नाही. ३१ तारखेपर्यंतच्या मागण्या आणि जुनी किंमत छापलेल्या बाटल्या जुन्याच दराने मिळतील. आमची खरेदी किलोला १० रुपयांनी स्वस्त झाली, की लिटरमागे १६ रुपये कमी करू.’

जुनी किंमत छापलेल्या बाटल्यांचा उल्लेख हा निव्वळ चांगुलपणा नाही. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीवर वाढीव किमतीचं स्टिकर लावायला वजनमापांचे नियम परवानगी देत नाहीत. किंमत कमी करण्यासाठी मात्र ते लावता येतं.

शेवटचं वचन सर्वांत अवघड असतं. महाग खोबऱ्याचा साठा संपेपर्यंत दर उतरवणं परवडत नाही, म्हणून वचन बाजारभावाशी न बांधता स्वतःच्या खरेदीशी बांधावं. जे पाळता येणार नाही ते लिहूच नये, कारण खोबरं उतरल्यावर तो आकडा ग्राहक नक्की विचारणार.

दरवाढ टाळण्यासाठी लिटरची बाटली गुपचूप ९०० मिलीची करणं किंवा स्वस्त तेल मिसळणं, हे दोन मार्ग काहींना सोपे वाटतात. पहिला लेबलवरच्या मापावरून ओळखता येतो आणि दुसरा ही सरळ भेसळ आहे. भाव वाढल्यावर काही ग्राहक निघून जातात आणि स्वस्ताईत परतही येतात. पण मापात किंवा तेलात फसलेला ग्राहक सहसा परतत नाही. म्हणून नेहमीच्या उत्पादकाने दर वाढवला, तर वाचकांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: एका नगाला कच्चा माल किती लागतो आणि तो कितीने महागला? प्रामाणिक उत्पादकाकडे या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तयार असतात.