मुलाखतीचं पक्कं पत्र

‘आपली मुलाखत मंगळवारी 11 वाजता’ एवढाच निरोप मिळालेला लातूरचा उमेदवार चाकणला यायला रात्रीच्या बसचं तिकीट काढतो. मुलाखत व्हिडिओ कॉलवर असल्याचं त्याला उतरल्यावर कळतं. भरती विभागात काम करताना मी ही चूक पाहिली आहे, आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. त्या मुलाचा एक दिवस आणि भाडं फुकट गेलं होतं.

म्हणून मी आता असं लिहिते: ‘मंगळवार, 14 जुलै 2026, सकाळी 11. प्रत्यक्ष मुलाखत, चाकण कारखाना, गेट क्रमांक 2. साधारण 40 मिनिटं. उत्पादन विभागप्रमुख, गुणवत्ता विभागाचे अभियंता आणि मनुष्यबळ अधिकारी मुलाखत घेतील.’ तारखेसोबत वार हवाच. आकडा चुकला तर दोन्ही जुळत नाहीत आणि उमेदवार लगेच विचारतो. मुलाखत घेणाऱ्यांची पदं कळली की तांत्रिक प्रश्न येणार, हे त्याला उमगतं.

खरी अडचण कागदपत्रांत येते. ‘सर्व कागदपत्रं आणा’ म्हटलं की कुणी फक्त झेरॉक्स आणतं. मूळ गुणपत्रिका पडताळणीसाठी, झेरॉक्सचा एक संच जमा करण्यासाठी, असं वेगळं लिहावं लागतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना मी आधीच कळवते की विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत ठेवा, कारण पदवीवर माहेरचं नाव असतं आणि आधारवर सासरचं.

शेवटी ‘येणार असल्यास शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा’ अशी ओळ. उत्तर आलं नाही, तर शनिवारी मी फोन करते.