कुंदा, भेसळ आणि 1860 सालचा एक दाखला

समजा, बेळगावहून निपाणीला परतताना तुम्ही अर्धा किलो कुंदा घेतलात. घरी डबा उघडला, चमचाभर तोंडात टाकला आणि निराशाच झाली. आता मोबाइलवर एक तारा देऊन दोन ओळी लिहायच्या आहेत. ‘साखर फार, खमंगपणा नाही, पैसे वाया गेले’ हे तुमचं मत. दुकानदाराला ते कितीही झोंबलं तरी खोटं ठरवता येणार नाही, कारण जीभ तुमची आहे. ‘हे खव्यात पीठ मिसळतात’ असं लिहिलंत, की गोष्ट बदलते. पीठ असतं किंवा नसतं.

ही रेघ इंटरनेटच्या कितीतरी आधी, 1860च्या भारतीय दंड संहितेत किती बारकाईने आखलेली आहे, हे पाहून मी थक्क होतो. कलम 499च्या सहाव्या अपवादाखाली एका पुस्तकाचं उदाहरण आहे. पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे लेखक दुबळ्या बुद्धीचा असावा, असं सद्भावनेने म्हटलं तर चालतं. लेखक मुळातच दुबळा आणि बदफैली, म्हणून पुस्तक असं निघालं याचं नवल नाही, असं म्हटलं तर संरक्षण संपतं. शब्द जवळपास तेच, उलटा झाला तो फक्त क्रम! पहिलं मत पुस्तक वाचून बनलेलं आहे, दुसरं पुस्तकाबाहेरून आणलेलं आहे. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली; तिच्या कलम 356मध्येही हा दाखला कायम आहे.

कुंद्यालाही हाच तर्क लावून पाहा. खाल्लेल्या घासावरून बोललात तर पाय जमिनीवर आहेत. ‘मालक लबाडच, माल असाच असणार’ म्हटलंत तर नाहीत. आणि वाक्याआधी ‘मला वाटतं’ जोडून पिठाचा आरोप मत होत नाही. ‘खाल्ल्यावर रात्री पोट बिघडलं’ हे घडलं असेल तर जरूर लिहा, पण ‘कुंद्यामुळेच बिघडलं’ हा वेगळा दावा आहे, त्याला डॉक्टरचा आधार लागेल.

पिठाची शंका तपासता येते. थोडा खवा पाण्यात उकळून गार करा आणि आयोडीनचे दोन-चार थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च आहे. तरी घाई नको. मिठाईच्या पाककृतीतच रवा किंवा कॉर्नफ्लोअर असेल तरीही रंग निळाच येईल, त्यामुळे एवढ्यावरून भेसळ सिद्ध होत नाही. 2006च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40नुसार साधा ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. मात्र नमुना तपासायला देणार आहे, हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. घरी आणून उघडलेल्या डब्यासाठी ती वाट उरत नाही. त्या डब्याबद्दल काय घेतलं, कधी घेतलं आणि चव कशी लागली, एवढं लिहिता येतं. पिठाबद्दल लिहायचं तर पुढचा डबा सांगून घ्यावा लागेल.