अडीच एमएमची तार आणि अडीचशे मीटरचं अंतर

मीटरपेटी बांधाच्या या टोकाला आणि विहीर त्या टोकाला, मधे अडीचशे मीटर. विहिरीवर दीड एचपीची सिंगल फेज मोटार बसवायची आहे. ती चालू असताना साधारण दहा अँपिअर घेते. दुकानदार सांगतो, "अडीच एमएमची तांब्याची वायर घ्या, वीस अँपिअर आरामात सोसते." तो खोटं बोलत नाही. फक्त तो तार किती तापेल याचं उत्तर देतोय. दुसऱ्या टोकाला किती व्होल्टेज पोचेल हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कोणी विचारलेलाच नसतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. तार जितकी लांब तितका तिचा रोध जास्त. तिचा छेद जितका मोठा तितका रोध कमी. आणि तिसरी गोष्ट म्हणजे धातू. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या, एक मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला ०.०१७२ ओहम असतो. दुकानातलं 'अडीच एमएम' म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेद, व्यास नव्हे. असली तार भरीव असेल तर तिचा व्यास दोन मिलिमीटरही भरत नाही.

आता हिशेब मांडू. यात हमखास होणारी चूक म्हणजे अंतर अडीचशे मीटर धरणं. करंट फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो, म्हणून तारेची लांबी धरायची पाचशे मीटर. ०.०१७२ गुणिले ५००, भागिले अडीच, झाले ३.४४ ओहम. दहा अँपिअर वाहताना तारेतच ३४ व्होल्ट खर्ची पडतात. पेटीत २३० असतील तर मोटारीला मिळतात १९६. मोटारीसारख्या भारासाठी सर्वसाधारणपणे पाच टक्के, म्हणजे साडेअकरा व्होल्टची घट चालवून घेतात. इथे ती पंधरा टक्के झाली.

वाया जाणारी वीज काढायची तर करंटचा वर्ग गुणिले रोध. शंभर गुणिले ३.४४, म्हणजे ३४४ वॅट. चार पंखे दिवसभर उगाच चालू ठेवावेत, तेवढी ही उधळपट्टी. तरीही तारेला हात लावला तर ती गरम लागत नाही, कारण हे वॅट पाचशे मीटरवर विखुरलेले असतात आणि एका मीटरच्या वाट्याला जेमतेम ०.७ वॅट येतो. म्हणूनच दुकानदाराची तार ठणठणीत राहते आणि दुखणं मोटारीला जडतं.

सर्वांत वाईट क्षण सुरू होण्याचा. त्या वेळी मोटार नेहमीच्या चौपट-पाचपट करंट ओढू पाहते. तारेतली घट त्याबरोबर वाढते आणि मोटारीच्या टोकाला व्होल्टेज दीडशेच्या आसपास येतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे तो निम्म्याहूनही कमी उरतो. मग मोटार नुसती घुमत राहते, फिरत नाही. चालू झालीच तरी कमी व्होल्टेजवर तेवढंच पाणी उचलायला ती जास्त करंट घेते, त्यामुळे वाइंडिंग तापतं. एकदा रिवाइंडिंग होतं, दुसऱ्यांदा होतं, आणि दोष मात्र कपॅसिटरला किंवा मोटारीच्या कंपनीला दिला जातो.

तार जाड केली की चित्र पालटतं. सहा एमएमला घट १४ व्होल्टवर येते, म्हणजे अजून थोडी जास्तच. दहा एमएमला ती ८.६ व्होल्ट होते आणि तारेत जळते ८६ वॅट. वर्षाला बाराशे तास पंप चालला तर अडीच एमएमच्या तुलनेत सुमारे तीनशे युनिट वाचतात. दहा एमएम तांबं परवडत नसेल तर सोळा एमएम अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ तेवढंच काम करतं. धातूचं वजन तर निम्म्याहून कमी भरतं. फक्त त्याचे जोड योग्य लग लावून घट्ट करावे लागतात. तांब्याला नुसतं पिळून जोडलेलं अ‍ॅल्युमिनियम पुढे हमखास त्रास देतं. थ्री फेज जोडणी आणि थ्री फेज मोटार मिळत असेल तर आणखी बरं. तेवढ्याच शक्तीसाठी प्रत्येक तारेतला करंट तिसरा हिस्सा होतो आणि परतीच्या तारेतली घट उरत नाही. म्हणून त्याच अडीच एमएममध्ये घट सहावा हिस्सा, सहा व्होल्टच्या आत राहते.

तार आधीच टाकलेली असेल तर वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्यावं, पण मोटार चालू असताना. बंद मोटारीवर दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज दिसतं, कारण करंटच नसेल तर घट कुठून येणार? बहुतेक जण नेमकं तेव्हाच मोजतात आणि "लाइन तर बरोबर आहे" म्हणून मोकळे होतात. चालू मोटारीवर पेटीतलं आणि स्टार्टरवरचं व्होल्टेज घेऊन फरक काढायचा. तो हिशेबाइतका आला तर तार बारीक आहे. हिशेबापेक्षा बराच जास्त आला तर मधला एखादा जोड सैल किंवा गंजलेला असणार. तिथे उष्णता विखुरत नाही, एकाच जागी साठते. अशा जोडावरची टेप काळवंडलेली सापडते.