पाच मिलीचा चमचा स्वयंपाकघरात नसतो

डॉक्टर चिठ्ठीवर ‘५ मिली’ लिहितात, आणि घरी ते वाचलं जातं ‘एक चमचा’. कुठला चमचा, हे कुणी विचारत नाही. पोहे खायचा, चहात साखर घालायचा की मिसळणाच्या डब्यातला? ग्रीसमधल्या काही संशोधकांनी घराघरांतले चहाचे चमचे गोळा करून मोजले होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सगळ्यात लहान चमच्यात २.५ मिली मावलं आणि सगळ्यात मोठ्यात ७.३ मिली. आपल्याकडची भांडी काही याहून शिस्तीची नाहीत. शिवाय सिरप दाट असतं. ते काठाच्या वर फुगून राहतं, आणि रडणाऱ्या बाळाच्या तोंडाशी नेईपर्यंत त्यातलं थोडं झबल्यावर सांडतं. मग किती पोटात गेलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

पण चमचा हा चुकीचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा बाटलीच्या लेबलवर असतो. तापाचं पॅरासिटामॉल घ्या. त्याचं सिरप एका प्रकारात ५ मिलीमागे १२५ मिलिग्रॅम औषधाचं येतं, दुसऱ्यात ५ मिलीमागे २५० मिलिग्रॅमचं. लहान बाळांसाठीचे थेंब तर याहून तीव्र. अनेकदा एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम. बाटल्या सारख्याच दिसतात, आणि नावही बऱ्याचदा तेच.

समजा, बाळाचं वजन १० किलो आहे. पॅरासिटामॉलचा एक डोस साधारण किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम धरतात. डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅमचा हिशेब करून १२५ वालं सिरप ६ मिली लिहिलं. बाटली संपली. बाबा रात्री मेडिकलमधून त्याच नावाची दुसरी घेऊन आले, ती निघाली २५० ची. तिचे तेच ६ मिली म्हणजे ३०० मिलिग्रॅम, सरळ दुप्पट. आता आजीने सिरिंज बाजूला ठेवून ७ मिलीचा चमचा काठोकाठ भरला, तर ३५० मिलिग्रॅम झाले. असे दिवसातून चार चमचे म्हणजे १४०० मिलिग्रॅम. या बाळाला दिवसभरात साधारण ६०० च्या पुढे जायचं नसतं. दोन-तीन दिवस हे असंच चाललं तर यकृताला इजा होऊ शकते. आणि बाटली थेंबांची असती तर ६ मिलीत एका वेळीच ६०० मिलिग्रॅम गेले असते, म्हणजे दिवसभराचा सगळा कोटा एका घोटात. म्हणून ‘किती मिली?’ एवढं विचारून भागत नाही, ‘कितीच्या बाटलीतले?’ हेही विचारावं लागतं. नवी बाटली आणली की जुनीच्या शेजारी ठेवून आकडे ताडून पाहावेत.

मोजायला सगळ्यात भरवशाची तोंडाने औषध द्यायची बिनसुईची सिरिंज. बाटलीवरची मापाची टोपी त्यामानाने कच्ची, विशेषतः मात्रा लहान असेल तेव्हा. टोपी जरा तिरकी धरली तरी एखादा मिली इकडचा तिकडे होतो. मात्रा ५ मिलीपर्यंत असेल तर ५ मिलीची सिरिंज घ्यावी, थेंबांसाठी १ मिलीची. ड्रॉपर मात्र ज्या बाटलीचा त्याच बाटलीला वापरायचा, कारण त्यावरच्या खुणा त्या औषधासाठीच असतात.

आधी बाटली नीट हलवून घ्यावी. अनेक औषधांचा गाळ तळाशी बसतो. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे तीव्र जातात. मग सिरिंजचं टोक औषधात बुडवून दट्ट्या हळू ओढायचा. बुडबुडा दिसला तर टोक वर करून टिचकी मारायची, हवा बाहेर ढकलायची आणि पुन्हा मापापर्यंत ओढायचं. माप वाचायचं ते रबरी दट्ट्याच्या औषधाला टेकलेल्या कडेवरून, मागच्या कडेवरून नाही. टोकाला छोटं टोपण असेल तर ते आधीच काढून लांब ठेवावं, नाहीतर औषधाबरोबर बाळाच्या घशात जाऊन अडकण्याची भीती असते. बाळाला अर्धवट बसतं धरून औषध गालाच्या आतल्या बाजूला थोडंथोडं सोडावं. सरळ घशावर पिचकारी मारली की ठसका लागतो.

आणखी एक चूक मोजमाप अगदी बरोबर असूनही होते. सर्दीच्या काही सिरपांत पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं, आणि वर तापाचंही वेगळं दिलं जातं. आईने संध्याकाळी दिलेला डोस आजीला ठाऊक नसतो, म्हणून तासाभरात दुसरा जातो. फ्रीजच्या दारावर वेळ आणि मिली लिहिलेला एक कागद चिकटवला, तर हे टळतं.

जास्त औषध गेल्याची शंका आली तर बाळ हसतंखेळतं आहे म्हणून थांबू नये. पॅरासिटामॉल अति झालं तरी पहिल्या दिवशी अनेकदा काहीच दिसत नाही, किंवा फक्त मळमळ-उलटी होते. त्यावरचा उतारा मात्र पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. उलटी करवायच्या भानगडीत न पडता बाळाला थेट रुग्णालयात न्यावं, आणि सोबत ती बाटली, ज्याने औषध दिलं तो चमचा आणि दिल्याची वेळ न्यावी. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.