चार भेटींचा करार

आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयामुळे सावंगी (मेघे)मध्ये दिवसपाळी-रात्रपाळीवर चालणारी घरं बरीच आहेत. त्यातलंच एक घर समजा. तो रात्रपाळी करून येतो, तेव्हा ती शाळेत शिकवायला निघालेली असते. देवळीकडच्या शेतीत भावाला बियाण्यासाठी चाळीस हजार लागले. यानं घरात न विचारता दिले. ती म्हणाली, “मला एका शब्दानं विचारलं नाही तुम्ही.” तो गप्प. तिनं आवाज चढवला, तो मोबाईल घेऊन गच्चीवर गेला. मग तीन दिवस अबोला.

हे जोडपं समुपदेशकाकडे गेलं, तर पैसे देणं बरोबर होतं की चूक, याचा निवाडा तिथे होत नाही. न्यायाधीश मिळेल या आशेनं जाणाऱ्यांची पहिली निराशा हीच असते.

पहिली भेट साधारण तासाभराची आणि दोघांची एकत्र. लग्न कसं जमलं, बरे दिवस कोणते होते, शेवटचं भांडण नेमकं कसं पेटलं, असं विचारलं जातं. त्यानंतर बरेच समुपदेशक प्रत्येकाला एकदा एकटं भेटतात. मारहाण, भीती, दारू, बाहेरचं नातं, जीव नकोसा होणं, हे प्रश्न जोडीदारासमोर विचारून खरं उत्तर मिळत नाही. म्हणून आधीच विचारून घ्यावं : एकट्यानं सांगितलेली गोष्ट गुप्त राहणार, की दोघांसमोर येणार? नियम समुपदेशकागणिक बदलतो. तो ठाऊक नसेल तर पुढे विश्वास तुटतो.

मग खरं काम सुरू होतं. तेच भांडण पुन्हा, पण सावकाश उलगडलं जातं. तो गप्प होतो तिथेच समुपदेशक थांबवतो : “आत्ता मनात काय आलं?” तो म्हणतो, “काही बोललो तरी चुकणार मीच.” तिला विचारलं की ती सांगते, “हे गच्चीवर गेले की वाटतं, या घरात माझ्या शब्दाला किंमतच नाही.” ती जितकी मागे लागते तितका तो पळतो, आणि तो पळतो म्हणून ती आणखी मागे लागते. दोघांनी एकमेकांऐवजी या चक्राकडे बघणं, हा या कामाचा गाभा.

घरी करायला छोट्या गोष्टी मिळतात. रात्रपाळीनंतर झोप होईपर्यंत पैशाचा विषय काढायचा नाही. ठरवलेल्या रकमेच्या वरचा खर्च आधी बोलून करायचा. भांडण तापलं तर उठून जायला हरकत नाही, पण “अर्ध्या तासात येतो” असं सांगून जायचं, आणि यायचं.

जायचं की नाही, हे मात्र भांडणाच्या भरात ठरवू नये. “तुम्हालाच गरज आहे त्याची” हे वाक्य शिवीसारखं लागतं. शांत वेळी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर दोन उत्तरं लिहावीत : कोणती एक गोष्ट बदलायला हवी, आणि जाण्यात भीती कशाची वाटते? भीती बहुधा साधी असते. ओपीडीत ओळखीचं कुणी भेटेल, आईला कळेल, दोघं मिळून मलाच दोषी ठरवतील. त्यावर तोडगा निघतो : वर्ध्याला जायचं, घरी काय सांगायचं ते आधी ठरवायचं, समुपदेशक दोघांनाही पटेल असा शोधायचा. सावंगीतच जायचं असेल, तर मनोविकार विभागात जोडप्यांसाठी वेगळी वेळ मिळते का, हे आधी विचारावं.

मग करार फक्त चार भेटींचा. चौथीनंतर कागद पुन्हा काढायचे. भांडणं थांबली का, हा प्रश्न चुकीचा. तीन दिवसांचा अबोला एका संध्याकाळवर आला का, हे बघावं. दर वेळी तीच तक्रार नव्यानं सांगावी लागत असेल, किंवा समुपदेशक एकाचीच बाजू घेऊन “नांदायलाच हवं” म्हणत असेल, तर समुपदेशक बदलावा.

एकाचं मन आधीच बाहेर पडलेलं असेल, तर हे काम पुढे सरकत नाही. त्यासाठी अमेरिकेतले समुपदेशक विल्यम डोहर्टी यांनी वेगळी पद्धत मांडली : जास्तीत जास्त पाच भेटी, आणि त्यात नातं दुरुस्त करायचं नाही, फक्त राहायचं, वेगळं व्हायचं की प्रयत्न करून बघायचा, एवढंच ठरवायचं.

घरात मारहाण किंवा धाक असेल, तर मात्र एकत्र बसूच नये. तिथे बोललेल्या खऱ्या शब्दाची किंमत घरी मोजावी लागते. अशा बाईसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, आणि 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत.

आणि दुसरा येतच नसेल तर? एकट्यानं जावं. तो गच्चीवर गेल्यावर तिनं मागे जाणं थांबवलं, तरी चक्राचा एक फेरा चुकतो.